पिशवीचा टीबी, चालू औषधे आणि राहिलेले दिवस

आदरणीय डॉक्टर,
माझे वय २९, लग्नाला पाच वर्षे झाली. मूल होत नाही म्हणून दुर्बिणीतून तपासणी केली, तेव्हा उजवी नळी बंद आणि डावी उघडी पण गाठीगाठींची निघाली. पिशवीच्या अस्तराच्या तुकड्यात सीबीनॅट तपासणीत टीबीचे जंतू सापडले. मला खोकला नाही, ताप नाही, फक्त पाळीला अंगावरून कमी जायचे. गोळ्या सुरू करून अकरा आठवडे झाले. आधी चार औषधे होती, तीन आठवड्यांपासून तीन आहेत. उपचार संपेपर्यंत दिवस राहू देऊ नका असे सांगितले होते, पण शेवटची पाळी येऊन सहा आठवडे झाले आणि घरच्या तपासणीत दोन रेघा आल्या. सासूबाई म्हणतात, गोळ्या गरम आहेत, बाळाला बाधतील. एका नातेवाइकांनी गर्भ काढायला सांगितले. भीतीने पाच दिवस गोळ्या घेतल्या नाहीत, तरी उलट्या चालूच आहेत. गोळ्या घेऊ की नको? बाळ ठेवू की नको?
– एक वाचक, नाशिकरोड

गर्भ काढण्याचे काहीही कारण नाही आणि गोळ्या बंद ठेवण्याचेही नाही. मात्र या दोन्ही गोष्टींच्या आधी एक काम आहे आणि ते हे उत्तर वाचाल त्याच दिवशी करायचे आहे: सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे पाहून घ्या. घरात सगळी चर्चा गोळ्यांची चालली आहे, पण आजच्या घडीला तुमच्या जिवाला धोका असेलच तर तो गोळ्यांपासून नाही. तो त्या गाठीगाठींच्या डाव्या नळीपासून आहे.

गर्भ तयार होतो तो नळीत, आणि नंतर चार-पाच दिवसांत तो पिशवीकडे सरकतो. हे सरकणे त्याच्या स्वतःच्या बळावर होत नाही. नळीच्या आतल्या बाजूला अतिशय बारीक, केसांसारखे तंतू असतात. त्यांच्या हालचालीने आणि नळीच्या स्नायूंच्या आकुंचनाने तो पुढे ढकलला जातो. टीबीचा जंतू पहिला घाव घालतो तो याच आतल्या थरावर. जखम भरते, पण व्रण राहतो, कुठे नळी अरुंद होते, कुठे खिसा तयार होतो, आणि तंतू गेलेले असतात ते गेलेलेच राहतात. अशा नळीतून शुक्रजंतू वर जाऊ शकतो, कारण तो लहान असतो आणि पोहतो. वाढू लागलेला गर्भ मात्र वाटेत अडकू शकतो. नळी ‘उघडी’ आहे याचा अर्थ रंगाचे पाणी तिच्यातून गेले, एवढाच असतो; ती आपले काम करते आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

सहा आठवड्यांना योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत पिशवीतला गर्भकोश दिसायला हवा, आणि पुष्कळदा हृदयाचे ठोकेही दिसतात. पाळीच्या तारखेत चूक असेल तर काही दिसणार नाही; अशा वेळी बीटा एचसीजी ही रक्ताची तपासणी करून ती ४८ तासांनी पुन्हा करतात आणि आकडा कसा वाढतो आहे ते पाहतात. तोपर्यंत ओटीपोटात एका बाजूला दुखणे, थोडे थोडे अंगावरून जाणे, चक्कर येणे किंवा खांद्याच्या टोकाला विचित्र दुखणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता, रात्री असाल तर रात्रीच, स्त्रीरोग विभाग असलेल्या रुग्णालयात जा. खांदा दुखणे अनेकींना पोटाशी संबंधित वाटत नाही. पण नळी फुटून पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला लागले की दुखणे खांद्यात जाणवते. गर्भ नळीत असल्याचे निघाले, तर काही वेळा मेथोट्रेक्सेट नावाचे इंजेक्शन देतात. ते यकृतावर ताण टाकणारे औषध आहे, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना टीबीची औषधे चालू असल्याचे न विचारताही सांगा. तुमच्या बाबतीत त्यांना शस्त्रक्रियेचा मार्ग अधिक सुरक्षित वाटू शकतो.

सोनोग्राफीत गर्भ पिशवीत दिसला, असे धरून पुढचे लिहिते.

खोकला नाही, ताप नाही, मग हा टीबी खरा होता का, ही शंका तुमच्या पत्रात स्पष्ट लिहिलेली नसली तरी ती दिसते, आणि घरातलेही ती काढणार आहेत. जननमार्गाचा टीबी बहुतेक वेळा तिथे सुरूच होत नाही. कधीतरी, कदाचित शाळकरी वयात, श्वासातून जंतू फुप्फुसात जातो, तिथे लहानसे घर करतो, आणि शरीराने त्याला आवर घालण्याआधी काही जंतू रक्तातून इतरत्र पोहोचतात. नळ्यांमध्ये रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून ते तिथे टिकून राहतात आणि काही वर्षांनी डोके वर काढतात. तोवर फुप्फुसातली जखम केव्हाच भरून गेलेली असते आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ येतो. या आजारात जवळजवळ प्रत्येक रुग्ण स्त्रीच्या नळ्या बाधित असतात, साधारण निम्म्या जणींमध्ये जंतू पिशवीच्या अस्तरापर्यंत उतरतो, आणि तेव्हा पाळीला कमी जाऊ लागते. दुसरी कोणतीही तक्रार नसताना केवळ मूल होत नाही म्हणून हा आजार सापडावा, हे नवलाचे नाही. बहुतेकींमध्ये तो असाच सापडतो.

तुमचे निदान मला भक्कम वाटते. अस्तराच्या नमुन्यात जंतूंची संख्या फार थोडी असते, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आले म्हणून टीबी नाही असे म्हणता येत नाही. पण ते पॉझिटिव्ह आले तर त्यावर विश्वास ठेवता येतो, आणि तुमच्या बाबतीत दुर्बिणीने पाहिलेल्या नळ्याही तीच साक्ष देतात. याउलट केवळ ‘टीबी पीसीआर पॉझिटिव्ह’ एवढ्या एका कागदावर सहा महिन्यांचे उपचार सुरू झालेल्या कितीतरी जणी माझ्याकडे येतात. काही प्रकारच्या पीसीआरमध्ये मेलेल्या जंतूचा किंवा प्रयोगशाळेतल्या संसर्गाचा अंशही पकडला जातो, म्हणून त्याला दुसऱ्या पुराव्याची जोड हवी. मांटू किंवा रक्तातली गोल्ड तपासणी तर आयुष्यात कधीतरी संसर्ग झाला होता एवढेच सांगते, आणि आपल्याकडे तो पुष्कळांना झालेला असू शकतो.

तुमच्या सीबीनॅटच्या अहवालावर रिफाम्पिसिन या औषधाबद्दल एक ओळ असेल. ‘रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ असे लिहिले असेल, तर या उत्तरातले सगळे तुम्हाला लागू आहे. ‘इन्डिटरमिनेट’ असेल, तर जंतू फार कमी असल्याने ठरवता आले नाही, असा त्याचा अर्थ आहे; ते डॉक्टरांच्या नजरेस आणून द्या. ‘डिटेक्टेड’ असे असेल, तर ती सर्वस्वी वेगळी औषधे आहेत आणि गरोदरपणात त्यांचा निर्णय जिल्हा क्षयरोग केंद्रातल्या तज्ज्ञांकडेच व्हायला हवा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. उपचार संपेपर्यंत दिवस राहू देऊ नका, हे वाक्य तुम्हाला योग्यच सांगितले गेले होते, फक्त त्याचे कारण सांगितले गेले नाही, आणि सगळा घोळ तिथून झाला. घरातल्यांनी त्याचा अर्थ ‘औषध बाळाला घातक आहे’ असा घेतला. खरे कारण असे की आजार चालू असताना अस्तर सुजलेले असते, गर्भ नीट रुजत नाही, नळीत राहण्याची किंवा लवकर पडून जाण्याची शक्यता वाढते. अस्तर भरून यायला वेळ द्यावा, म्हणून थांबायचे. म्हणजे थांबायचे ते आजारासाठी, औषधासाठी नव्हे. त्यामुळे दिवस राहिल्यावर औषध बंद करणे म्हणजे ज्याच्यापासून बाळाला सांभाळायचे त्यालाच मोकळे सोडणे होय.

तुम्ही सध्या घेत आहात ती तीन औषधे आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही आहेत. तिन्ही वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, हे खरे आहे. परंतु गेली अनेक दशके जगभर गरोदर स्त्रियांना ती दिली गेली आहेत आणि त्यांच्यामुळे बाळात व्यंग निर्माण होण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळलेले नाही. चौथे औषध, पायराझिनामाइड, याबद्दल मात्र जगात थोडा मतभेद राहिला. अमेरिकेत गरोदरपणात ते टाळण्याकडे कल होता, कारण त्याची माहिती तुलनेने कमी होती. जागतिक आरोग्य संघटना आणि आपला राष्ट्रीय कार्यक्रम ते गरोदरपणातही देतात. तुमचा हिशोब मांडून पाहिला तर ही चिंता आणखी कमी होते. शेवटची पाळी आली तेव्हा उपचारांचे पाच आठवडे झाले होते. गर्भधारणा त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, म्हणजे सातव्या आठवड्याच्या शेवटी झाली असणार. आणि चौथे औषध आठव्या आठवड्याला थांबले. म्हणजे या औषधाशी गर्भाचा संबंध आला तो जेमतेम एक आठवडा, तो नळीतून पिशवीकडे येत होता आणि रुजत होता त्या दिवसांत. बाळाचे अवयव घडायला लागले तेव्हा ते औषध तुमच्या शरीरात नव्हतेच.

सासूबाईंच्या भीतीला मी निराधार म्हणणार नाही. त्यांच्या पिढीने टीबीचे उपचार पाहिले ते सुयांचे. स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन रोज किंवा दिवसाआड घ्यावे लागे, आणि ते औषध गरोदर स्त्रीला दिले तर बाळाच्या कानाच्या नसेवर परिणाम होऊन मूल बहिरे जन्मण्याचा धोका खरोखरच असतो. म्हणूनच गरोदरपणात ते देत नाहीत. ‘टीबीचे औषध पोटातल्या बाळाला बाधते’ ही समजूत एका खऱ्या गोष्टीतून आलेली आहे, पण ती गोष्ट ज्या औषधाची होती ते तुमच्या गोळ्यांत नाही. शक्य असेल तर पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांना गोळ्यांच्या पाकिटावरची नावे त्यांच्यासमोर वाचून दाखवायला सांगा.

उपचार अर्धवट सुटले तर काय होते, हेही त्यांच्या कानावर जाऊ द्या. वार रुजते ती त्याच अस्तरात, जिथे तुमचा जंतू सापडला होता. जंतू पुन्हा जागा झाला तर त्याला बाळापर्यंत जायला फार लांब जावे लागत नाही: वारेतून नाळेच्या रक्तात, किंवा गर्भजलात उतरून बाळाच्या तोंडावाटे पोटात आणि फुप्फुसात. जन्मजात टीबी फार क्वचित होतो, पण तो होतो तेव्हा बाळ दोन-तीन आठवड्यांचे असताना वजन न वाढणे, ताप, धाप, यकृत वाढणे अशा कोणत्याही आजारात दिसणाऱ्या खुणा घेऊन येतो आणि ओळखायला उशीर होतो. शिवाय अर्धवट औषधांनी उरलेले जंतू औषधाला दाद न देणारे होऊ शकतात, आणि मग गरोदरपणात द्यायला उरतात ती औषधे याच्याइतकी निर्धोक नसतात.

पाच दिवसांचा खंड ही मोठी गोष्ट नाही. उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागणार नाहीत. सुटलेल्या पाच मात्रा शेवटी भरून काढायच्या असतात. दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घेऊन खंड भरून काढण्याचा प्रयत्न मात्र करू नका.

पण उद्या सकाळी उठून सरळ गोळी घ्या असेही मी सांगत नाही, आणि त्याचे कारण तुमच्या उलट्या आहेत. सहाव्या आठवड्यात उलट्या होणे अगदी नेहमीचे. त्या नवव्या आठवड्याच्या सुमारास वाढतात आणि बहुधा चौथ्या महिन्यात कमी होतात. पण टीबीच्या औषधांनी यकृताला सूज आली, तर तिचीही पहिली खूण मळमळ आणि उलटी हीच असते. गरोदरपणात या दोन गोष्टी एकमेकींच्या आड लपतात. या विषयात माझ्या डोळ्यांसमोर झालेली सर्वांत मोठी चूक हीच आहे, म्हणून ती सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातली एक बाई माझ्याकडे आली. तिचाही पिशवीचा टीबी, चार औषधांचा दुसरा महिना, आणि गर्भ दहा आठवड्यांचा. दोन आठवड्यांपासून उलट्या चालल्या होत्या आणि दोन ठिकाणी ‘पहिलटकरणीला होतेच असे’ म्हणून उलटीची गोळी देऊन तिला परत पाठवले होते. द्राक्षांच्या हंगामामुळे घरातले सगळे मळ्यात, आणि हीसुद्धा उलट्या करत करत डबे बांधून देत होती. मी तिला एकच प्रश्न विचारला: लघवीचा रंग रात्री झोपताना कसा असतो? ती म्हणाली, दिवसभर सारखाच, काळपट चहासारखा. तिथेच शंका आली. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे सर्वांना सांगितलेले असते, म्हणून रंग बदलल्याचे कुणाला काही वाटत नाही. पण तो नारिंगी रंग गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत गडद असतो आणि पुढची गोळी घेण्याच्या वेळेपर्यंत बराच फिका पडतो. दिवसरात्र सारखाच काळपट पिवळा रंग हा औषधाचा नसून काविळीचा असतो. तिच्या रक्तात यकृताची सूज दाखवणारे एसजीपीटी ४१२ निघाले, जे सर्वसाधारणपणे ४० च्या आसपास किंवा त्याखाली असते, आणि बिलिरुबिनही वाढलेले होते.

तिची सर्व औषधे त्याच दिवशी थांबवली. तिसऱ्या आठवड्यात एसजीपीटी ८० च्या खाली आल्यावर आधी रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल सुरू केले, आठवड्याने तपासणी करून आयसोनियाझिड जोडले, पुन्हा तपासले. पायराझिनामाइड परत दिलेच नाही, कारण यकृताला त्रास देण्यात ते पुढे असते. त्याच्याशिवाय उपचार सहाऐवजी नऊ महिने चालवावे लागतात, तसे चालवले. ३८ आठवड्यांना तिला मुलगी झाली, वजन २ किलो ६०० ग्रॅम. तिथे औषधे थांबवणे बरोबर होते आणि तुमच्याकडे चूक आहे, यातला फरक ध्यानात घ्या: तिची औषधे रक्ताचा अहवाल पाहून थांबवली होती, कोणती केव्हा परत सुरू करायची हे ठरलेले होते, आणि दर आठवड्याला यकृताचा आकडा पाहिला जात होता.

तुमच्या बाजूने एक चांगली खूण आहे. गोळ्या पाच दिवस बंद असूनही उलट्या चालू आहेत, म्हणजे त्या बहुधा गरोदरपणाच्याच आहेत. तरीही यकृताची सूज औषध थांबवल्यावर लगेच उतरत नाही, म्हणून सोनोग्राफीच्याच दिवशी लिव्हर फंक्शन टेस्टसाठी रक्त द्या. आज तुमच्या लघवीत नारिंगी रंग असण्याचे कारण नाही, कारण रिफाम्पिसिन शरीरातून गेलेले आहे. पाणी व्यवस्थित पिऊनही लघवी गडद असेल, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर गोळी सुरू न करता थेट डॉक्टरांना दाखवा. एसजीपीटी नेहमीच्या मर्यादेत असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याने त्याच दिवसापासून गोळ्या सुरू होतील. थोडेफार वाढलेले असेल तरी औषध थांबवत नाहीत, लक्ष ठेवतात. लक्षणे असताना ते तिपटीवर गेले, किंवा लक्षणे नसताना पाचपटीवर गेले, तर थांबवतात. अहवालात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले दिसले तर एकटे ते पाहून घाबरू नका. गरोदरपणात ते वारेतूनही तयार होते आणि महिने भरत जातील तसे वाढतच जाते. उपचार संपेपर्यंत ही तपासणी दर महिन्याला होईल असे पाहा.

उलट्यांमुळे गोळ्या पोटात ठरत नसतील, तर सकाळी उपाशीपोटी घेण्याचा आग्रह सोडून त्या रात्री झोपण्यापूर्वी, हलके काही खाऊन घ्यायला हरकत नाही. उपाशीपोटी औषध अधिक चांगले शोषले जाते हे खरे, पण उलटून गेलेली गोळी अजिबात शोषली जात नाही. घेतल्या घेतल्या उलटीत गोळ्याच बाहेर पडल्या, तर टीबीच्या कर्मचाऱ्यांना कळवा, स्वतःच्या मनाने पुन्हा घेऊ नका. ॲसिडिटीचे पातळ औषध घेत असाल तर ते आणि टीबीच्या गोळ्या यांत दोन तासांचे अंतर ठेवा, कारण त्यातल्या ॲल्युमिनियममुळे आयसोनियाझिड कमी शोषले जाते. बी-६ जीवनसत्त्वाची गोळी, म्हणजे पायरिडॉक्सिन, तुम्हाला मिळते आहे ना ते पाहा. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येतात त्या तिने टळतात आणि गरोदर स्त्रीला तिची गरज अधिक असते. रोजची मात्रा साधारण १० ते २५ मिलिग्रॅम एवढीच असते. फॉलिक ॲसिड अर्थात सुरू करायचेच आहे.

टीबीची औषधे खासगी दवाखान्यातून चालू असोत वा महापालिकेच्या, तुमची नोंद ‘निक्षय’ या सरकारच्या टीबी नोंदणी प्रणालीवर झालेली असायला हवी आणि गरोदर असल्याचे तिथे कळवायला हवे. गोळ्या सरकारी केंद्रातून विनामूल्य मिळतात, आणि पोषणासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. ते येत नसतील तर खात्याचा तपशील पुन्हा तपासायला सांगा. रात्री-अपरात्री गोळ्यांबद्दल काही विचारायचे झाले तर १८०० ११ ६६६६ हा विनाशुल्क क्रमांक जवळ असू द्या. पण पोटात दुखल्यास फोन करत बसू नका, निघा.

इथून पुढचा हिशोब असा. सुटलेले दिवस धरून तुमचे सहा महिने पूर्ण होतील तेव्हा गर्भ साधारण २२ आठवड्यांचा असेल. म्हणजे बाळंतपणाच्या कितीतरी आधी तुम्ही औषधांतून मोकळ्या झालेल्या असाल. अठरा ते वीस आठवड्यांची व्यंग पाहणारी सोनोग्राफी सर्वांप्रमाणेच करून घ्या, आणि त्या वेळी वार कुठे व कशी रुजली आहे ते नीट पाहायला सांगा, कारण एकदा जखम झालेल्या अस्तरात वार कधी खाली तर कधी फार खोल रुजते. बाळंतपण कुठे करायचे, हे त्या अहवालावर ठरवा. शेवटच्या आठवड्यांत रिफाम्पिसिन चालू असेल तर बाळात के जीवनसत्त्व कमी पडून रक्तस्राव होऊ शकतो, ही भीती तुमच्या बाबतीत उरत नाही. आणि जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन तर प्रत्येक बाळाला देतातच.

बाळंतपणाच्या दिवसासाठी एक गोष्ट फाइलवर आत्ताच लिहून ठेवा, कारण त्या गडबडीत ती कुणाच्या लक्षात राहत नाही. तुमच्या वारेची तपासणी व्हायला हवी, आणि तिचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, तर दुसरा साध्या सलाइनमध्ये जायला हवा. फॉर्मॅलिनमध्ये पेशी टिकतात पण जंतू मरतात, त्यामुळे त्यातून कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, होत नाही. अस्तराचा अख्खा नमुना एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत घातल्यामुळे निदान अडलेल्या स्त्रिया मी इतक्या पाहिल्या आहेत की आता कोणत्याही नमुन्याआधी दोन बाटल्या टेबलावर आहेत का, ते मी स्वतः पाहते. कल्चरचा अंतिम अहवाल यायला सहा आठवडे लागतात, तो घ्यायला आठवणीने जा.

उपचार पूर्ण झालेले असतील, तुमच्या छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल आणि बाळ ठणठणीत असेल, तर बीसीजीची लस त्याला नेहमीप्रमाणे जन्मतःच देता येते आणि स्तनपान पहिल्या तासापासून सुरू करायचे आहे. उपचार काही कारणाने लांबून बाळंतपणानंतरही चालू राहिले, तरी या तीन औषधांमुळे अंगावर पाजणे थांबवावे लागत नाही. दुधातून बाळाला जाणारे औषध फार थोडे असते. फक्त अशा वेळी बीसीजीची लस केव्हा द्यायची आणि बाळाला प्रतिबंधक औषध हवे का, हे बालरोगतज्ज्ञांना जन्माच्या आधीच विचारून ठेवा. पहिले तीन महिने बाळाचे वजन दर भेटीला लिहून घ्या, आणि ते वाढत नसेल किंवा कारण नसताना ताप येत असेल, तर बाळाच्या डॉक्टरांना तुमच्या आजाराचा कागद दाखवा. आईला खोकला नव्हता म्हणून तो कागद फाइलमधून काढलाच जात नाही, असे पुष्कळदा होते.